व्याख्यात्याचा नकार आणि संयोजकाची रिकामी तारीख

पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची सुरुवात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने झाली. आज महाराष्ट्रात वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, महाविद्यालयं अशा कितीतरी ठिकाणी व्याख्यानमाला भरतात. त्या चालवणाऱ्या संयोजकांना विचारलं, तर सरळ ‘नाही’ म्हणणाऱ्या वक्त्यांबद्दल त्यांची फारशी तक्रार नसते. त्यांना घोर लागतो तो ‘बघतो, कळवतो’ म्हणणाऱ्यांचा. सभागृह घेतलेलं असतं, त्या दिवसाचा खर्च उचलणारा देणगीदार ठरलेला असतो, पत्रिका छापायला जायची असते, आणि एका तारखेपुढची जागा मात्र कोरीच असते.

म्हणून नकाराची पहिली कसोटी वेळेची. चार ओळींचा नकार दुसऱ्या दिवशी पोचला, तर संयोजकाला दुसरा वक्ता शोधता येतो. तीन आठवड्यांनी पाठवलेलं दिलगिरीचं लांबलचक पत्र त्याच्या काही उपयोगाचं नसतं.

समजा, भूजलाचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापिकेला तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचं बोलावणं आलं. तारीख १२ जानेवारी, विषय ‘विहिरी का आटतात?’ त्या दिवशी त्यांना परगावी परीक्षेचं काम आहे. उत्तर लिहिण्याआधी त्या एक फोन करतात, तो त्याच जिल्ह्यात विहिरींची पाणीपातळी मोजणाऱ्या एका कार्यकर्तीला. विषय, श्रोते आणि तारीख सांगून त्या दोनच गोष्टी विचारतात: जमेल का, आणि तुमचं नाव सुचवू का? होकार मिळाल्यावर त्या लिहितात:

“सप्रेम नमस्कार. आपण आठवणीने बोलावलंत, आभारी आहे. १२ जानेवारीला मी परीक्षेच्या कामासाठी परगावी असल्याने येऊ शकणार नाही. याच विषयावर बोलू शकतील अशा एका कार्यकर्तीचं नाव सुचवते. आपल्या जिल्ह्यातल्या विहिरींच्या नोंदी त्यांनी स्वतः घेतल्या आहेत आणि शेतकऱ्यांपुढे बोलण्याचा त्यांना सराव आहे. माझं त्यांच्याशी बोलणं झालंय. ती तारीख त्यांना मोकळी आहे. आपल्याला योग्य वाटलं, तर त्यांचा नंबर पाठवते. मला मार्चनंतरचे शनिवार-रविवार सोयीचे आहेत. पुढच्या कार्यक्रमाच्या तारखा ठरताना कळवलंत, तर लगेच उत्तर देईन.”

नकार तिसऱ्याच वाक्यात आला आहे, आणि कारण एकच आहे. चार कारणं दिली की त्यातलं एखादं दूर करता येईल असं संयोजकाला वाटतं. मग ‘गाडी पाठवतो’, ‘संध्याकाळऐवजी सकाळी ठेवू’ अशी घासाघीस सुरू होते.

पर्यायी वक्त्याच्या बाबतीत घोळ बहुधा दोन ठिकाणी होतो. एक, त्या व्यक्तीला न विचारता तिचं नाव आणि नंबर देऊन टाकणं. मग संयोजक थेट फोन करतो, ती व्यक्ती नाही म्हणते, आणि त्याच्या पदरी एकाऐवजी दोन नकार पडतात. दुसरा घोळ शब्दांचा. ‘माझा एक विद्यार्थी आहे, वेळ मारून नेईल’ अशी शिफारस वक्त्याचाही अपमान करते आणि श्रोत्यांचाही. वरच्या पत्रात कार्यकर्तीची बाजू जिल्ह्यातल्या नोंदींनी भक्कम झाली आहे. या श्रोत्यांसाठी ती प्राध्यापिकेपेक्षा सरस ठरण्याचाही संभव आहे. मात्र निवड संयोजकाची. त्याने दुसऱ्याच कुणाला बोलावलं, तर रुसायचं कारण नाही.

परिसंवादात हिशेब थोडा बदलतो. तिथे प्रत्येकाला वाटून दिलेली बाजू असते. धरणाच्या परिसंवादात विस्थापितांची बाजू मांडणाऱ्याने आपल्या जागी पाटबंधारे खात्यातला अभियंता सुचवला, तर माणूस कितीही जाणकार असला तरी परिसंवाद एकांगी होतो.

पुढच्या खेपेसाठी दार उघडं ठेवण्याचा एक नामांकित दाखला अमेरिकेतला आहे. गेटिसबर्गच्या सैनिकी दफनभूमीच्या समर्पण सोहळ्यासाठी डेव्हिड विल्स यांनी सप्टेंबर १८६३ मध्ये प्रसिद्ध वक्ते एडवर्ड एव्हरेट यांना बोलावलं. तारीख होती २३ ऑक्टोबर. एव्हरेट यांनी काही दिवसांतच कळवलं की एवढ्यात भाषण तयार होणार नाही, १९ नोव्हेंबरला मात्र येता येईल. सोहळा पुढे गेला. एव्हरेट तिथे सुमारे दोन तास बोलले. त्यांच्यानंतर दोन-तीन मिनिटं बोललेल्या लिंकन यांचं भाषण जगाने लक्षात ठेवलं, हा भाग वेगळा. एव्हरेट यांच्यासाठी सोहळा हलला, तसा गावच्या व्याख्यानमालेचा दिवस कुणासाठी हलत नाही. पण त्यांच्या उत्तरात नेमकी तारीख होती, म्हणून आयोजकांना निर्णय घेता आला. ‘पुढच्या वेळी नक्की’ या शब्दांवर कुणालाही काही ठरवता येत नाही.

ज्या व्यासपीठावर कधीच जायचं नाही, तिथे मात्र मार्चनंतरचे शनिवार-रविवार देऊ नयेत. आभार आणि नकार एवढंच लिहावं; नाहीतर पुढच्या वर्षी तोच संयोजक त्याच शब्दाची आठवण करून देत पुन्हा फोन करतो.