नाचणारे पंतप्रधान आणि अ‍ॅप विकणारा सचिन

मे २०२४. लोकसभेचा प्रचार ऐन भरात होता आणि एक्सवर एक व्हिडिओ फिरत होता. अमेरिकी रॅपर लिल याटी मंचावर उड्या मारत येतो, ती गाजलेली क्लिप. फक्त चेहरा नरेंद्र मोदींचा. मोदींनी तो स्वतःच शेअर केला आणि स्वतःला नाचताना पाहून मजा आली, असंही लिहिलं. त्याच दिवसांत ममता बॅनर्जींचा अशाच धर्तीचा नाचाचा व्हिडिओ आला, आणि कोलकाता पोलिसांनी तो टाकणाऱ्याला नाव-पत्ता जाहीर करा, नाहीतर कारवाई होईल, अशी नोटीस धाडली.

एकाच आठवड्यातल्या या दोन क्लिपांनी लोकांच्या डोक्यात दोन उलट समजुती पक्क्या केल्या. काहींना वाटलं, नेत्याचा चेहरा कुठेही चिकटवा, चालतं. काहींना वाटलं, चेहरा बदलला की गुन्हा झालाच.

‘चेहरा बदलणं हाच गुन्हा आहे’

नाही. दुसऱ्याच्या धडावर चेहरा बसवला म्हणून शिक्षा, असं सांगणारं कलम आपल्याकडे नाही. कायदा तंत्राकडे नव्हे, त्या तंत्राने काय साधलं याकडे पाहतो. फसवणूक झाली का, बदनामी झाली का, अश्लीलता आहे का, कुणाची ओळख चोरली का? नाचाची क्लिप पाहून पंतप्रधान खरंच असे मंचावर आले होते, असं कुणी मानलं नसतं. विडंबनाची पहिली खूण हीच: पाहणाऱ्याला गंमत कळते, आणि ती कळल्याशिवाय हसूही येत नाही.

मग ममतांच्या क्लिपवर नोटीस कशी आली? पोलिसांना ती आक्षेपार्ह आणि चिथावणीखोर वाटली म्हणून. पण नोटीस म्हणजे निकाल नव्हे, आणि हा फरक आपल्याकडे फार सहज विसरला जातो. रेषा कुठे आहे हे न्यायालय ठरवतं. तोवर ती कुठे आहे असं ठाणेदाराला वाटतं, यावर व्यंग करणाऱ्याची झोप अवलंबून असते. माझ्या मते आपल्याकडची खरी अडचण कायद्याच्या मजकुरात कमी आणि या मधल्या काळात जास्त आहे.

आता दुसरं टोक. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अ‍ॅपची शिफारस करताना दिसला. आपली मुलगी त्यावर रोज १ लाख ८० हजार रुपये कमावते, असं तो म्हणत होता. चेहरा खराच होता, जुन्या चित्रीकरणातला. ओठांची हालचाल आणि आवाज बनावट. सचिनने स्वतः एक्सवर तो व्हिडिओ खोटा असल्याचं सांगितलं आणि मुंबईत सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

या क्लिपमध्ये विनोद शोधून सापडत नाही. उलट ती खरी वाटली तरच तिचा उपयोग. ओळखीचा चेहरा, घरातल्या माणसाचा दाखला, रोजच्या कमाईचा आकडा आणि शेवटी डाउनलोड करायला अ‍ॅप, ही तिची रचना. अशा ठिकाणी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड लागू शकतं: संगणकाच्या साह्याने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. बारीक नजरेने पाहिलं तर शब्द आणि ओठ मागेपुढे होतात, पण मोबाइलच्या वीतभर पडद्यावर तेवढं कोण पाहतो? म्हणून ‘नीट पाहिलं असतं तर कळलं असतं’ हा बचाव फार टिकणारा नाही. प्रश्न तज्ज्ञाला काय कळलं असतं हा नसतो, सामान्य माणसाचा समज काय झाला हा असतो.

‘खाली “विडंबन” लिहिलं की सुटलो’

लिहावंच, पण ते अभयपत्र नाही. अमेरिकेतलं एक प्रकरण इथे उपयोगी पडतं. जुलै २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्या प्रचाराच्या जाहिरातीची नक्कल करणारा व्हिडिओ आला. त्यात चेहरा बदललेला नव्हता, आवाज नकली होता. बनवणाऱ्याने ते विडंबन असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. इलॉन मस्क यांनी तोच व्हिडिओ पुढे टाकला, पण ती सूचना न देता. म्हणजे तीच क्लिप एका पानावर थट्टा होती, दुसऱ्या पानावर काहींना खरी वाटू शकेल अशी.

कॅलिफोर्नियाने त्यानंतर निवडणुकीतल्या अशा मजकुराविरुद्ध कायदा केला. विडंबन असेल तर सूचना हवी, आणि तिची अक्षरं व्हिडिओतल्या सर्वात मोठ्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, अशी अट होती. बनवणारा न्यायालयात गेला. एवढी अक्षरं टाकली तर सगळा पडदाच भरतो, थट्टेला जागा उरते कुठे, असं त्याचं म्हणणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये संघीय न्यायाधीशांनी कायद्याचा बहुतांश भाग रोखला.

आपल्याकडे सूत्र वेगळं आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घटनेतच आहेत आणि बदनामी हा अजूनही फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे अमेरिकेतला निकाल दाखवून इथे सुटका होत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२६ च्या नियमदुरुस्तीनंतर कृत्रिमरीत्या बनवलेल्या दृश्यांवर तशी खूण असणं बंधनकारक झालं आहे. ही खूण मजकुरात नव्हे, चित्रातच हवी. कॅप्शन व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत गळून पडतं.

‘पैसे कमावले नाहीत, कुणाला लुबाडलं नाही, मग काय बिघडलं?’

नोव्हेंबर २०२३ मध्ये लिफ्टमध्ये शिरणाऱ्या एका तरुणीच्या धडावर अभिनेत्री रश्मिका मंदाना हिचा चेहरा बसवलेला व्हिडिओ देशभर गाजला. जानेवारीत दिल्ली पोलिसांनी आंध्र प्रदेशातल्या एका तरुणाला पकडलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो रश्मिकाच्या नावाने चाहत्यांचं पान चालवत होता आणि फॉलोअर वाढावेत म्हणून त्याने हे केलं होतं. कुणाच्या खात्यातून रुपया गेला नव्हता, तरी बनावटगिरी आणि ओळख चोरल्याची कलमं लागली.

यात कुणावर टीका नव्हती, कुठल्या वागण्याची टर उडवलेली नव्हती. होतं ते फक्त एका स्त्रीचं शरीर दुसरीच्या नावावर खपवणं. आणि नुकसान दोघींचं होतं. जिचं धड वापरलं ती बहुतेकांच्या लक्षातही राहिली नाही.

‘व्यक्तिमत्त्वाचा हक्क म्हणजे थट्टेवर बंदी’

अनिल कपूर यांनी दिल्ली उच्च न्यायालयातून २०२३ मध्ये आपलं नाव, आवाज, छबी आणि ‘झकास’सुद्धा परवानगीविना व्यापारासाठी वापरण्याविरुद्ध आदेश मिळवला, तेव्हा मिमवाले धास्तावले. पण त्याच आदेशात बातमी, टीका, व्यंग आणि विडंबन यांना संरक्षण असल्याचं म्हटलं आहे; रेषा ओलांडली जाते ती व्यक्तीची प्रतिमा मलिन करण्यात किंवा तिच्या नावावर धंदा करण्यात.

मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या दाव्यात हे आणखी स्पष्ट झालं. त्यांची छबी असलेला माल विकणाऱ्यांना न्यायालयाने रोखलं. पण त्यांच्या मुलाखतींचे तुकडे जोडून ‘ठग लाइफ’ थाटाचा व्हिडिओ करणाऱ्या यूट्यूबरवर, त्याची बाजू ऐकल्याशिवाय बंदी घालायला नकार दिला. तिथे चेहरा बदललेला नव्हता, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा फेसस्वॅपला लावता येणार नाही. शिवाय दोन्ही आदेश अंतरिम आहेत. मग उद्या कुणी एखाद्या मंत्र्याच्या चेहऱ्याने लावणी करून दाखवली, तर ती बनवणाऱ्याच्या वकिलाला या दोन्ही आदेशांतले उतारे वाचून दाखवावे लागतील, आणि समोरचा वकील बदनामीचं कलम ३५६ उघडून बसलेला असेल.