‘तुम्ही इथे टिकाल का?’

मुलाखत रंगलेली असते. प्रश्नांची उत्तरे नीट गेलेली असतात. मग कागद आवरता आवरता समोरचे साहेब म्हणतात, “तुमचा अनुभव या जागेसाठी जरा जास्तच आहे.” उमेदवार कसनुसे हसून “तसे काही नाही सर” म्हणतो आणि बाहेर पडतो. वरच्या पदावरून स्वतःहून खालच्या पदावर यायला निघालेल्या अनेकांची संधी याच वाक्यापाशी हुकते. पण दुसऱ्या दिवशी पाठवलेली एक छोटी मेल ती परत मिळवून देऊ शकते. अट एवढीच, की त्या वाक्यामागची भीती कळलेली हवी.

तुमच्या लायकीबद्दल कुणाला शंका नसते. भीती असते ती तुम्ही सोडून जाण्याची. माणूस एजन्सीमार्फत घेतला तर कंपनी तिला बहुधा महिन्याभराच्या पगाराएवढी तरी फी मोजते. वर तीन-चार महिने शिकवण्यात जातात. तो माणूस आठव्या महिन्यात राजीनामा ठेवून गेला, तर ज्या मॅनेजरने त्याला निवडले त्यालाच उत्तर द्यावे लागते. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या न्यू लंडन शहराच्या पोलीस दलाने 1990च्या दशकात बुद्धिमत्ता चाचणीत 33 गुण मिळवलेल्या उमेदवाराला मुलाखतीलाच बोलावले नाही. बोलावणे फक्त 20 ते 27 गुणवाल्यांना होते. जास्त हुशार माणूस या कामाला कंटाळून निघून जाईल आणि प्रशिक्षणाचा खर्च वाया जाईल, हे कारण दिले गेले. प्रकरण कोर्टात गेले आणि 2000 साली अपिलातही शहराचीच बाजू टिकली.

मग पदवी, अनुभव लपवावा का? अजिबात नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई पदाच्या जाहिरातीत उमेदवार पदवीधर नसावा अशी अट होती. एकाने पदवी लपवून अर्ज केला. नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला, तो याच लपवाछपवीवर बोट ठेवून. खासगी कंपनीत अशी अट सहसा नसते, पण जुन्या कंपनीकडे चौकशी होतेच.

आता एक उदाहरण कल्पून सविस्तर पाहू. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी हेड असलेल्या बाई. सोळा वर्षांचा अनुभव, हाताखाली अठरा माणसे, वार्षिक 24 लाखांचे पॅकेज. त्यांनी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीनियर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज केला आहे. जागेची मर्यादा 14 लाख. होणारा साहेब त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मुलाखतीत “एवढे सगळे सोडून इथे का?” असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सासू-सासरे नाशिकला असतात, त्यांच्याजवळ राहायचे आहे.”

उत्तर खरे आहे, तरी ते त्यांच्याच विरोधात जाते. कारण ते नाशिकला का यायचे याचे उत्तर आहे, या पदावर का यायचे याचे नाही. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येते, की उद्या सातपूरला एखाद्या कंपनीत क्वालिटी हेडची जागा निघाली की या बाई जाणार. गावाचे कारण आणि पदाचे कारण अशी ही दोन वेगळी कारणे आहेत, आणि बहुतेक उमेदवार पहिले सांगून थांबतात. मेलमध्ये दुसरे यायला हवे, आणि तेही असे की ज्याची शहानिशा करता येईल. ‘मला शिकायची आवड आहे’ याची शहानिशा होत नाही.

मेल जावी ती होणाऱ्या साहेबांना, एचआरला सीसीमध्ये ठेवून, शक्यतो चोवीस तासांत, म्हणजे निवडीची चर्चा होण्याआधी. अशी मेल बहुधा इंग्रजीत लिहितात. आशय असा असावा:

“नमस्कार सर, काल वेळ दिल्याबद्दल आभार. माझा अनुभव या जागेसाठी जास्त आहे, असे आपण म्हणालात. शंका रास्त आहे. काल मी फक्त नाशिकला येण्याचे कारण सांगितले, या पदाचे राहून गेले.

गेली पाच वर्षे माझा दिवस मीटिंग, ऑडिटची तयारी आणि माणसांच्या रजा-बढत्यांत जातो. पार्ट हातात घेऊन दोष शोधण्याचे काम मी दुसऱ्यांना वाटून देते. मला तेच काम स्वतः करायचे आहे. दोन वर्षांपूर्वी मी इथेही तांत्रिक पदावर बदली लेखी मागितली होती; तशी जागा नव्हती. गेल्या वर्षी सीएमएम मशिनचे नवे प्रोग्रॅम मी स्वतः लिहायला घेतले, ते याच ओढीने.

14 लाखांची मर्यादा मला मान्य आहे. घराचे कर्ज फिटले आहे आणि या पगाराचा हिशेब आम्ही घरी मांडून पाहिला आहे. मुलगी आठवीत जाईल, तिची दहावी होईपर्यंत तरी नोकरी बदलण्याचा विचार नाही.

विभागाचे निर्णय आपले असतील. माझे मत विचारलेत तर देईन. आणखी काही शंका असल्यास फोनवर बोलायला आवडेल.”

या मेलचे सगळे बळ लेखी मागितलेल्या बदलीच्या एका वाक्यात आहे. ओढ या मुलाखतीच्या आधीपासूनची आहे, हे त्यातून दिसते आणि जुन्या साहेबांना विचारून पडताळताही येते. असा पुरावा प्रत्येकाकडे नसेल, पण आपण होऊन घेतलेले एखादे काम, नाकारलेली बढती, स्वखर्चाने केलेला कोर्स, असे काहीतरी सापडते. काहीच सापडत नसेल, तर आपल्याला हे पद खरेच हवे आहे की सध्याच्या साहेबांपासून फक्त सुटका हवी आहे, हे स्वतःला विचारावे. सुटकेसाठी आलेला माणूस काही महिन्यांत पुन्हा अस्वस्थ होतो, आणि ती भीती तेव्हा खरी ठरते.

पगाराबद्दल ‘पैशाचा प्रश्न नाही’ असे लिहू नये. त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आकडा लिहावा आणि तो कसा परवडतो ते एका वाक्यात सांगावे. ‘कायम इथेच राहीन’ हेही नको. तीन वर्षे म्हणा, पण त्या तीन वर्षांना मुलीच्या दहावीसारखा आधार द्या. सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘कुठलेही काम चालेल’. त्यातून गरज दिसते, निवड दिसत नाही. आपल्या अठरा माणसांच्या टीमची कौतुके तर मेलमध्ये पुन्हा आणूच नयेत; जी शंका खोडायची, तीच त्याने पक्की होते.

काही ठिकाणी मेल उपयोगी पडत नाही. जाहिरातीत अनुभवाची कमाल मर्यादा पक्की असेल, किंवा साहेबांना स्वतःच्या खुर्चीचीच धास्ती वाटत असेल, तर कितीही चांगले लिहिले तरी फरक पडत नाही. आठवड्यात उत्तर आले नाही, तर दोन ओळींची एकच आठवण द्यावी.

फोन आला, तर तोच प्रश्न पुन्हा येणार हे धरून चालावे: “वर्षभराने तुम्हाला क्वालिटी हेडची ऑफर आली तर?” इथे “घेणारच नाही” म्हणण्यापेक्षा, हेडच्या कामातले नेमके काय आपल्याला नको झाले आहे ते सांगावे. आणि ज्यांचे नाव संदर्भासाठी दिले आहे, त्यांना आधीच फोन करून मेलमध्ये लिहिलेले कारण सांगून ठेवावे. नाहीतर नाशिकहून चौकशी आल्यावर ते भाबडेपणाने म्हणतील, “त्या? त्या तर पुढच्या वर्षी प्लांट हेड होणार होत्या!”