उन्हाळी फलकावर काय लिहावे?

होळी झाली की औषधालयांच्या दर्शनी भागी सनस्क्रीनचे फलक झळकू लागतात. आमच्या एका सभासदाने रेल्वे स्थानकाजवळील आपल्या दुकानासाठी योजिलेला मजकूर आमच्याकडे तपासणीसाठी धाडला. मजकूर असा होता : 'उन्हापासून संपूर्ण संरक्षण, दिवसभर. चंदन-कोरफडयुक्त. एसपीएफ ५०.' दुकानाचे गिऱ्हाईक म्हणजे दुचाकीवरून स्थानक गाठणारे नोकरदार, बाहेरचे फेरीवाले आणि शेजारच्या बांधकामावरील मजूर. त्यांच्या नजरेने आम्ही हा मजकूर वाचू लागलो, तो पहिल्याच शब्दाशी अडखळलो.

मराठीत 'ऊन लागणे' म्हणजे उष्म्याची बाधा होणे. भर दुपारी विटा वाहणारा माणूस 'उन्हापासून संरक्षण' याचा अर्थ साहजिकच 'ऊन लागणार नाही' असा घेईल. सनस्क्रीन अडवते ती अतिनील किरणे, उष्णता नव्हे. उष्माघात टाळावयाचा तर सावली, विश्रांती व पाणी यांवाचून गत्यंतर नाही. क्रीम लावले या भरवशावर कोणी दुपारची विश्रांती टाळली, तर तो दोष आपल्या फलकाचा ठरेल. म्हणून 'उन्हाने त्वचा भाजणे व काळवंडणे कमी करण्यास साहाय्यक' इतकेच लिहावे, असे आम्ही सुचविले.

'संपूर्ण' आणि 'दिवसभर' हे शब्दही काढावे लागले. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. चेहरा व मानेचा पुढील भाग यांस त्या हिशेबाने सुमारे सव्वा ग्रॅम लागते. म्हणजे तर्जनी व मध्यमा यांवर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन ठसठशीत रेघा. उघड्यावर असताना दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर त्याआधीही, ते पुन्हा लावावे लागते. प्रत्यक्षात काय घडते? याच दुकानात एक दुचाकीस्वार तक्रार घेऊन आला होता, की रोज दोनदा लावूनही चेहरा काळवंडतोच. दुकानदाराने वही चाळली. ५० ग्रॅमची नळी त्याने तीन महिन्यांपूर्वी नेली होती. ९० दिवसांत १८० वेळा, म्हणजे एका वेळेस पाव ग्रॅमहून थोडे अधिक! क्रीममध्ये खोट नव्हती. ते लागतच नव्हते. योग्य मात्रेने ती नळी वीस दिवसांत संपावयास हवी होती.

हाच हिशेब मजुराला लावला म्हणजे वेगळीच अडचण उभी राहते. दिवसातून चार वेळा केवळ चेहऱ्यास व मानेस लावायचे म्हटले तरी नळी दहा दिवसांत रिकामी. हा खर्च त्याने करावा असे सांगणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. त्याला आधी पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा आणि रुंद काठाची टोपी सांगावी. डोक्यावरचा पंचा मानेवर ओढावयास सांगावे. कापड उजेडासमोर धरल्यास आरपार दिसते का, एवढी परीक्षा पुरते. क्रीम उरलेल्या उघड्या भागापुरते. विक्री थोडी घटेल, हे सभासदास आम्ही स्पष्ट सांगितले. त्यानेही ते मान्य केले.

आता चंदन व कोरफड. ही द्रव्ये त्वचेस शीतल वाटतात, एवढे म्हणावयास हरकत नाही; पण एसपीएफचा आकडा त्यांच्या शेजारी छापला की तो त्यांचाच गुण भासतो. तो परीक्षण झालेल्या संपूर्ण मिश्रणाचा असतो. काही वैद्य यशद भस्म क्रीममध्ये खलून 'आमचेही सनस्क्रीन' म्हणतात. यशद भस्म मुख्यत्वे झिंक ऑक्साइडच आहे, हे खरे. मात्र संरक्षण कणांच्या सूक्ष्मतेवर आणि ते क्रीममध्ये किती एकसारखे पसरले आहेत यावर अवलंबून असते, आणि ते खलबत्त्यापाशी बसून कळत नाही. परीक्षणावाचून आकडा लिहू नये.

अखेर फलकावर गेलेला मजकूर असा : 'उन्हाने त्वचा भाजणे व काळवंडणे कमी करण्यास साहाय्यक. आधी टोपी व पूर्ण बाह्या, मग उघड्या भागास क्रीम. चेहरा व मानेस दोन बोटे भरून, निघण्यापूर्वी १५ मिनिटे. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. याने उष्माघात टळत नाही. पाणी व सावली हवीच.'

एक गोष्ट फलकावर लिहिण्याजोगी नाही, पण गल्ल्यावरील माणसास शिकवावी. श्वित्रासाठी बाकुची चालू असलेला रुग्ण उन्हात लवकर भाजतो, अंगावर फोडही येतात. सनस्क्रीन मागणाऱ्यास 'कसले औषध चालू आहे का?' असे विचारावे, आणि बाकुचीचे नाव निघाल्यास नळी हाती देण्याआधी त्याला त्याच्या वैद्यांकडे पाठवावे.