खाडाखोडीसकट उतरवलेली चकली

चार वाट्या भाजणीच्या चकलीला मोहन किती? पाककृतीच्या जुन्या कार्डावर आधी ‘१ वाटी’ लिहिलेले असते. पुढे कधीतरी त्या १ वर काट मारलेली असते आणि वर बारीक अक्षरात ½ लिहिलेले असते. कार्ड हातात असले की घोटाळा होत नाही, कारण काट डोळ्यांना दिसते. हीच ओळ कोणी मोबाइलवर टंकली, १ खोडलेला दाखवण्यासाठी त्यावर आडवी रेघ मारली आणि मजकूर दुसरीकडे चिकटवला, तर बहुतेक ठिकाणी ती रेघ मागेच राहते. उरते ते ‘मोहन १½ वाटी’. अर्ध्याचे दीड झाले. एवढ्या मोहनाची चकली कढईत पडताच हसणार, म्हणजे तेलात सुटी होऊन विरघळणार.

म्हणून खाडाखोड उतरवताना पहिला नियम असा, की ती रंगाने, रेघेने किंवा अक्षरांच्या आकाराने दाखवायची नाही. या सगळ्या गोष्टी मजकुराच्या बाहेर राहतात आणि एका ॲपमधून दुसऱ्यात जाताना गळतात. व्हॉट्सॲपमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना ~ घातले की शब्द खोडलेला दिसतो, पण दुसरीकडे ते चिन्ह नुसतेच राहते आणि वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागत नाही. काही जण प्रत्येक अक्षरावर आडवी रेघ बसवणारे युनिकोड चिन्ह वापरतात. देवनागरीत ते तर फारच फसते. शिरोरेषेजवळ आणखी एक रेघ येते, जोडाक्षरे तुटतात आणि पुढे ‘मोहन’ शोधायला गेलो तर खोडलेले ‘मोहन’ सापडतच नाही. खोडल्याची खूण मजकुरातच, साध्या अक्षरांत असायला हवी. चौकटी कंस आणि एक मराठी शब्द एवढ्यावर हे काम होते: [खोडले: १].

कंस चौकटीच का? स्वयंपाकाची टिपणे लिहिणारे गोल कंस स्वतःच वापरतात. ‘लसूण (आवडत असल्यास)’ हा कंस लिहिणारीचा आहे. आपणही गोलच कंस वापरले, तर तिचे शब्द कोणते आणि आपले कोणते हे कळणार नाही. चौकटी कंस हाताने लिहिलेल्या कार्डावर सहसा नसतात, म्हणून ते आपल्यासाठी मोकळे आहेत.

ही अडचण जुनी आहे. आपल्याकडच्या हस्तलिखितांत चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासत आणि सुटलेले अक्षर काकपदाची खूण करून वर किंवा समासात लिहीत. युरोपात पपायरसवरचे ग्रीक मजकूर छापणाऱ्या अभ्यासकांनी १९३१ साली नेदरलँड्समधल्या लायडेन इथे एकत्र येऊन खुणा ठरवल्या. मूळ लेखकाने खोडलेला मजकूर दुहेरी चौकटी कंसांत, फाटून गेलेला मजकूर एकेरी चौकटी कंसांत आणि नीट न वाचता येणाऱ्या अक्षराखाली टिंब, अशी ती पद्धत आजही चालते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाकडे शिकागोचे शेफ लुई सॅथमरी यांनी दिलेला हस्तलिखित पाककृतींचा मोठा संग्रह आहे, आणि त्याची पाने स्वयंसेवकांनी टंकली आहेत. घरच्या कार्डांसाठी लायडेनची चिन्हे मात्र मी सुचवणार नाही. चिन्हांचा अर्थ सांगणारा कागद वेगळा ठेवावा लागतो, आणि तो हरवला की दुहेरी कंसाने काय सांगितले होते हे कोणालाच कळत नाही. ‘खोडले’ हा शब्द स्वतःच स्वतःचा अर्थ सांगतो.

आता एक नमुन्याचे कार्ड घेऊ. मोहनाच्या ओळीत १ खोडून वर ½ लिहिले आहे. डावीकडच्या समासात कार्ड आडवे धरून लिहिलेले ‘दिवाळी ८२ हसल्या’ असे शब्द आहेत. तिखटाच्या ओळीत २ चा आकडा गिरवून ३ केला आहे. सगळ्यात खाली ‘झाकून १ तास ठेवणे’ अशी ओळ आहे आणि तिथून निघालेला बाण वर, ढवळणे आणि मळणे यांच्या मध्ये जाऊन थांबतो. हे कार्ड असे उतरेल:

```
चकली
भाजणी ४ वाट्या
मोहन [खोडले: १] [वर: ½] वाटी
[डावा समास, उभे: दिवाळी ८२ हसल्या]
तिखट [गिरवले: २ चे ३] चमचे
पाणी ४ वाट्या
पाणी उकळून त्यात मोहन, मीठ, तिखट, तीळ घालणे
भाजणी घालून ढवळणे
[बाण क इथे पोचतो]
मळून चकल्या पाडणे, तळणे
[बाण क इथून: झाकून १ तास ठेवणे]
```

मोहनाच्या ओळीत खोडलेला आकडा आधी आणि त्याच्या जागी आलेला नंतर, हा क्रम कायम ठेवावा. ‘१ → ½’ असे लिहिणे सोपे वाटते, पण कार्डावर खरेखुरे बाण आहेत, आणि आपला बाण त्यांच्यात मिसळला की कार्डावरचा बाण कोणता हे सांगता येणार नाही. ‘वर’ हा शब्द जागा दाखवतो. ओळीतच पुढे लिहिलेला शब्द आणि डोक्यावर घुसवलेला शब्द यांत फरक असतो, कारण डोक्यावरचा बहुधा नंतरचा असतो.

समासातल्या मजकुरासाठी दोन प्रश्न विचारावेत: तो कुठे आहे, आणि तो कशाला जोडलेला आहे? पहिल्याचे उत्तर कार्ड देते. दुसऱ्याचे नेहमी देत नाही. काकपद किंवा रेघ असेल तर शब्द नेमका कुठे घुसवायचा ते कळते, आणि तो तिथेच ‘[समासातून: पांढरे]’ असा भरावा. ‘दिवाळी ८२ हसल्या’ याला अशी कोणतीच रेघ नाही, ते नुसते मोहनाच्या शेजारी आहे. त्या दिवाळीत चकल्या हसल्या म्हणून मोहन निम्मे केले, असे कोणीही म्हणेल, आणि ते बहुधा खरेही असेल. तरी ते आपले अनुमान आहे. सांगावेसे वाटले तर खाली ‘[टीप: मोहन कमी करण्याचे हे कारण असावे]’ असे वेगळे लिहावे. ८२ चे १९८२ सुद्धा टिपेतच करावे, मजकुरात नाही.

गिरवलेल्या आकड्याला वेगळी खूण लागते, कारण तिथे जुना आणि नवा आकडा एकाच जागी असतो. देवनागरीत २ चा ३ आणि १ चा ९ सहज होतो. आधी कोणता होता हे फोटोत दिसले नाही तर कार्ड खिडकीपाशी तिरपे धरावे. दोनदा पेन फिरलेल्या रेषेची शाई जाड असते आणि कागद तिथे दबलेला असतो. तरीही उलगडा झाला नाही, तर ‘[गिरवले: ? चे ३]’ असे लिहून पुढे जावे. शब्द वाचता येतो पण खात्री नाही, तेव्हा ‘[धणे?]’. अजिबात वाचता येत नाही, तेव्हा ‘[अवाच्य, २ शब्द]’. अंदाजाने जागा भरली तर पुढच्या माणसाला तिथे शंका होती हेच कळणार नाही.

बाणाच्या बाबतीत सर्वात जास्त चुका होतात, कारण ओळ उचलून बाणाच्या टोकाशी टंकण्याचा मोह होतो. मग मूळ कार्डावर ती ओळ खाली होती, म्हणजे लिहिणारीला झाकून ठेवण्याची गोष्ट नंतर सुचली होती, ही माहिती जाते. शिवाय बाणाचे टोक दोन ओळींच्या मध्ये तरंगत असेल तर आपण घेतलेला निर्णय लपून जातो. म्हणून मजकूर आहे तिथेच ठेवावा आणि बाणाला अक्षर देऊन दोन्ही टोकांना खूण करावी. दुसरा बाण असेल तर त्याला ख. आधी बाण कसला आहे हेही पाहावे. काही बाण ओळ हलवतात, काही फक्त टिपण कशाबद्दल आहे ते दाखवतात आणि काही नुसते ‘मागे पाहा’ म्हणतात. शेवटच्याला ‘[बाण: मागील बाजू]’ एवढे पुरते.

दोन ठिकाणी फसगत ठरलेली आहे. पहिले म्हणजे साहित्याच्या यादीतल्या रेघा. सगळ्या जिनसांवर एकाच पेनाने रेघ असेल आणि कृतीत त्या जिनसा तशाच वापरलेल्या असतील, तर ती खाडाखोड नाही. वाण्याकडून आणलेल्या वस्तूंवर मारलेली ती रेघ आहे. तिथे ‘खोडले’ लिहिले तर भाजणीतून डाळीच नाहीशा होतील. ‘[रेघ, आणल्याची खूण?]’ असे लिहावे. दुसरे म्हणजे उभ्या रेघा. जुन्या पद्धतीने लिहिणाऱ्यांच्या कार्डावर १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड आणि १॥। म्हणजे पावणेदोन. या रेघा पूर्णविराम समजून गाळल्या, तर प्रमाण बदलते. त्या तशाच टंकाव्यात आणि शेजारी ‘[टीप: दीड]’ असे द्यावे.

काम संपले की तपासणी सोपी आहे. उघडणारे आणि मिटणारे कंस सारखेच आहेत का ते पाहावे, आणि प्रत्येक बाणाचे अक्षर दोनदा आले आहे का तेही. मग कार्ड न पाहिलेल्या कोणाला नुसता टंकलेला मजकूर द्यावा आणि त्यावरून कार्ड कागदावर काढायला सांगावे. काट, समास आणि बाण योग्य जागी आले तर उतरवणे जमले. जिथे चुकले तिथे आपली खूण अपुरी होती. या पद्धतीत शाईचा रंग, अक्षराचा दाब आणि तेलाचे डाग येत नाहीत, त्यामुळे कार्डाचा फोटो त्याच नावाने शेजारी ठेवावाच लागतो. मजकूर मात्र युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली मराठी तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन बसते.

स्वयंपाकघरात कंसांनी भरलेला मजकूर कोणी वाचणार नाही, आणि वाचायची गरजही नाही. त्यातून दुसरी, स्वच्छ प्रत करावी: मोहन ½ वाटी, तिखट ३ चमचे, ढवळल्यावर झाकून १ तास, मग मळणे. या प्रतीत हवे ते बदल करावेत. तिखट कमी करावे, वाट्यांचे ग्रॅम करावेत. कंसांच्या प्रतीला मात्र हात लावू नये. स्वच्छ प्रतीतल्या ½ बद्दल उद्या कोणाला शंका आली, तर मोहन एकदा १ वाटी होते आणि त्याच्या शेजारी ‘हसल्या’ असे लिहिले आहे, हे तिथेच सापडेल.