दहा लिटरात एक एकर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सप्टेंबरच्या सकाळी दोन एकर पऱ्हाटीच्या धुऱ्यावर एक छोटा टेम्पो येऊन थांबला. त्यातून बचत गटातली एक ताई आणि तिचा मदतनीस उतरले. त्यांनी सहा पंखांचा ड्रोन खाली काढला, त्याचे दुमडलेले हात उघडून घट्ट बसवले आणि पोटाखालची प्लास्टिकची टाकी पाण्याने खळखळून धुतली. शेताचा मालक, वय पंचावन्नच्या पुढे, हे सगळं बाजूला उभा राहून बघत होता. ड्रोनने फवारणी झालेली त्याने मोबाइलवर पाहिली होती, पण आपल्या शेतात पहिल्यांदाच होत होती. टाकीवरच्या खुणा त्याने वाकून वाचल्या आणि पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

“ताई, दहा लिटर पाण्यात एक एकर पऱ्हाटी भिजन कशी?”

ही शंका रास्त होती. छातीएवढ्या वाढलेल्या कपाशीला पाठीवरच्या पंपाने फवारायचं तर एकरी दोनशे लिटर पाणी लागतं. पंधरा लिटरचा पंप धरला तर तेरा-चौदा पंप होतात. तेवढं पाणी विहिरीवरून आणून ड्रम भरून ठेवण्याचं काम बहुतेक घरांत बाईकडे असतं, तसंच या घरातही होतं. पंपवाला तासातून पुढे चालतो तेव्हा त्याच्या नोझलमधून निघालेल्या फवाऱ्यातूनच त्याला पुढचं पाऊल टाकावं लागतं. २०१७च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. नळी वर धरून फवारलं की औषध तोंडावर, छातीवर पडत होतं. उकाडा होता, घामाने कपडे अंगाला चिकटत होते आणि ओल्या कातडीतून विष आत जात होतं. या भागातल्या माणसाला ड्रोनचं आकर्षण वाटतं त्यामागे ही आठवण आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय या यंत्राची गोष्ट पुरी होत नाही.

ताईने काकांच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात दिलं. “काका, पाणी कमी होते, औषध तेवढंच राहते.”

ड्रोनच्या फवारणीत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून हा हिशेब नीट मांडायला हवा. काकांच्या पऱ्हाटीवर तुडतुडे होते. पानांच्या कडा पिवळ्या पडून खाली वळायला लागल्या होत्या आणि पान उलटून पाहिलं की पोपटी रंगाची पिल्लं तिरकी पळताना दिसत होती. त्यासाठी त्यांनी फ्लोनिकामिड ५० टक्के हे पाण्यात विरघळणारं दाणेदार औषध आणलं होतं. कपाशीसाठी त्याची मात्रा हेक्टरी १५० ग्रॅम, म्हणजे एकरी ६० ग्रॅम आहे. दोनशे लिटर पाण्यात ६० ग्रॅम म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला साडेचार ग्रॅम. काकांच्या डोक्यात हे पंपाचं माप पक्कं बसलेलं होतं आणि त्या मापाने ते दहा लिटरच्या टाकीत तीन ग्रॅम टाकायला निघाले होते. तसं केलं असतं तर एकराला विसावा हिस्सा औषध मिळालं असतं, तुडतुडे मेले नसते आणि चार दिवसांनी गावात बोलणं झालं असतं की ड्रोनच्या फवारणीत दम नाही. ड्रोनसाठी पंपाचं माप विसरून एकराचं माप धरावं लागतं. एका एकराचे ६० ग्रॅम एकाच टाकीत जातात.

याचा अर्थ असा की ड्रोनच्या टाकीतलं द्रावण पंपातल्या द्रावणापेक्षा वीस पट तीव्र असतं. चालताना अंगावर येणारा धोका कमी झाला, पण तो औषध कालवण्याच्या जागी येऊन बसला. म्हणून ताईने औषधाला हात लावण्याआधी रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क घातला. आधी बादलीत थोडं पाणी घेऊन त्यात दाणे काठीने हलवत पूर्ण विरघळवले, ते बारीक जाळीतून गाळलं आणि मग टाकीत ओतून वर पाणी भरलं. काकांनी सोबत विद्राव्य खताची पुडीही आणली होती, ‘एकाच फेरीत दोन्ही होऊन जाईल’ म्हणून. तिने ती बाजूला ठेवली. दोनशे लिटरात सहज मिसळणाऱ्या गोष्टी दहा लिटरात एकत्र आल्या की फुटतात, खाली साका बसतो आणि नोझल चोंदतं. असं मिश्रण करायचंच असेल तर आदल्या दिवशी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात कालवून अर्धा तास ठेवून पाहावं. बरणीत थर दिसले किंवा गाठी झाल्या तर ते मिश्रण टाकीत घालू नये.

उडण्याआधी शेताचा नकाशा करायचा असतो. मदतनीस रिमोट हातात घेऊन चारही धुऱ्यांवरून चालला आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक-एक खूण नोंदवत गेला. बांधावरची बाभूळ, विहीर आणि एका टोकावरून गेलेली विजेची तार त्याने वेगळी दाखवली. तारेखालचे काही तास ड्रोनने सोडून द्यायचे ठरले. ते काकांना पंपानेच मारावे लागणार होते.

मग टाकीत दहा लिटर, शेतावर एक एकर, हे गणित यंत्रात बसवलं गेलं. ड्रोन पिकाच्या वर दोन-अडीच मीटरवर, सेकंदाला चार मीटर वेगाने जातो आणि एका फेरीत चार मीटर रुंदीचा पट्टा भिजवतो, असं धरा. म्हणजे सेकंदाला सोळा चौरस मीटर. एकर साधारण ४०४७ चौरस मीटरचा, म्हणून नुसतं फवारायला सव्वाचार मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दहा लिटर संपायचे तर नोझलांमधून मिनिटाला मिळून २.४ लिटरच्या आसपास पाणी पडलं पाहिजे. लवकर आटपायचं म्हणून कोणी वेग वाढवला आणि पाणी तेवढंच ठेवलं, तर दर झाडाला औषध कमी पडतं. टाकीत उरलेलं पाणी ते सांगतं. एकर संपला आणि टाकीत तीन लिटर शिल्लक आहेत, तर ती बचत समजू नये. तेवढं औषध शेताला मिळालेलं नाही.

ड्रोन उठला तेव्हा काका चार पावलं मागे सरकले. पंख्यांच्या वाऱ्याने पऱ्हाटी दोन्हीकडे वाकली आणि पानांची पांढुरकी खालची बाजू वर आली. हा वारा थेंबांना खाली ढकलतो आणि पानं हलवतो, म्हणून थोडं औषध आतही पोचतं. वळणं धरून सात-आठ मिनिटांत एक एकर झाला. टाकी आणि बॅटऱ्या जवळपास बरोबरच संपल्या. गरम झालेल्या बॅटऱ्या मदतनीसाने सावलीत ठेवल्या आणि दुसरी जोडी चढवली. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावली तर ती खराब होते, म्हणून दिवसभर काम करायचं तर बऱ्याच जोड्या जवळ बाळगाव्या लागतात.

काकांनी धुऱ्यावरचं पहिलं झाड पाहिलं. पान ओलं होतं, पण पाणी ओघळत नव्हतं. पंपाच्या फवारणीत पानावरून थेंब टपकताना पाहायची सवय असलेल्या माणसाला हे अपुरं वाटणारच. ताईने ड्रोन उडवण्याआधीच शेताच्या मधल्या एका झाडावर तीन पिवळ्या कागदी पट्ट्या क्लिपने लावून ठेवल्या होत्या, एक शेंड्याला, एक मध्यावर, एक बुडाजवळच्या फांदीला. या कागदावर पाण्याचा थेंब पडला की तिथे निळा डाग उमटतो. शेंड्याची पट्टी डागांनी भरली होती. मधलीवर एका चौरस सेंटिमीटरमध्ये पंचवीस-तीस डाग होते. कीटकनाशकासाठी वीस ते तीस थेंब पुरेसे मानले जातात. खालच्या पट्टीवर मात्र चार-पाचच ठिपके होते.

या तिसऱ्या पट्टीकडे दुर्लक्ष करू नये, असं आमचं ठाम मत आहे. दाट पऱ्हाटीत बुडापर्यंत औषध नेण्यात ड्रोन कमी पडतो. काकांचं काम त्या दिवशी भागलं, कारण फ्लोनिकामिड पानात शोषलं जातं. वरच्या बाजूला पडलेलं औषध पानाच्या आतून खालच्या बाजूला पोचतं आणि तिथे रस शोषणाऱ्या तुडतुड्याच्या पोटात जातं. तुडतुडा खाणं थांबवतो आणि दोन-चार दिवसांत मरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तो जिवंत दिसला तरी घाबरून परत फवारायचं नसतं. पण किडीच्या अंगावर पडल्यावरच काम करणारं औषध असेल, निंबोळी तेल असेल, किंवा खोडावर-बुडाशी चिकटलेला पिठ्या ढेकूण असेल, तर त्या शेतात पंपवाल्याला पर्याय नाही.

दुसऱ्या एकराचा अर्धा भाग झाला आणि ताईने ड्रोन खाली उतरवला. तिच्या हातातलं छोटं वारामापक सेकंदाला चार मीटर दाखवत होतं. तीनच्या वर वारा गेला की काम थांबवायचं असतं. काका चिडले. “वावर अर्धं राह्यलं ना!” पण ड्रोनचे थेंब बारीक असतात. केसाच्या जाडीहून बारीक झालेला थेंब वाऱ्यावर शेजारच्या वावरात जातो आणि उन्हात पानावर पोचायच्या आतच सुकतो. शेजाऱ्याच्या बांधावर तुतीची झाडं असतील तर त्याच्या रेशमाच्या अळ्या मरतात, मधमाश्यांच्या पेट्या असतील तर माश्या. २०२२मध्ये केंद्राने नोंदणी असलेली ४७७ औषधं ड्रोनने मारायला दोन वर्षांची तात्पुरती परवानगी दिली. त्यात कीटकनाशकं, बुरशीनाशकं आणि वाढ नियंत्रकं होती. तणनाशकाचं धुकं शेजारच्या कपाशीवर गेलं तर काय होतं हे ज्याने आखडलेली पानं पाहिली आहेत त्याला सांगावं लागत नाही. उरलेला अर्धा एकर संध्याकाळी पाचनंतर वारा पडल्यावर झाला.

ही ताई हे काम करते ते केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून. २०२३च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या या योजनेत महिला बचत गटांना १५ हजार ड्रोन द्यायचे ठरलं आणि किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये मदत ठेवली गेली. गटातल्या एका बाईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. त्यात ड्रोन उडवण्याबरोबर औषध-खताच्या फवारणीचेही धडे असतात.

ड्रोन बोलावणाऱ्याने पायलटकडे परवाना मागावा, एकरी मात्रा आपल्यासमोर मोजून घ्यावी आणि बुडाजवळच्या फांदीवर एक पिवळी पट्टी लावायला सांगावी. आणि टाकीत उरलेलं द्रावण वाया जाऊ नये म्हणून पाठीवरच्या पंपात कधीही ओतू नये. ते वीस पट तीव्र असतं आणि पंप माणसाच्या पाठीवर असतो.