एका टक्क्याच्या पोटातले तीस टक्के

साठ हजार रुपयांचा फ्रिज क्रेडिट कार्डावर घेतला. दोन दिवसांनी फोन आला, "मॅडम, या रकमेचे हप्ते करून देऊ का? बारा महिने, महिन्याला फक्त एक टक्का." पाठोपाठ मेसेज आला, त्यात 'व्याज वार्षिक १२ टक्के' एवढंच होतं. ओटीपी दिला आणि काम झालं. पहिल्या स्टेटमेंटवर हप्ता दिसला ५,६०० रुपयांचा. त्याखाली प्रोसेसिंग फी १,२००, तिच्यावर जीएसटी २१६, आणि व्याजावर आणखी जीएसटी. हे उदाहरण मी हिशेबाच्या सोयीसाठी रचलं आहे, पण ज्यांच्या कार्डाचे हप्ते झाले आहेत त्यांना यातली एकही ओळ अनोळखी वाटणार नाही.

या चार ओळींत दडलेलं गणित मला थक्क करतं. वरवर पाहिलं तर बँकेने शब्द पाळला आहे. साठ हजारांचा एक टक्का सहाशे, बारा महिन्यांचे ७,२००. मुद्दल अधिक व्याज ६७,२००, भागिले बारा, हप्ता ५,६००. बेरीज चुकलेली नाही, भागाकारही चुकलेला नाही. तरीही खरा दर बारा टक्के नाही. तो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास आहे.

कारण साठ हजार रुपये तुमच्याकडे वर्षभर नसतातच. पहिला हप्ता भरला की मुद्दलाचा एक तुकडा परत गेला. दुसऱ्याला आणखी एक. अकराव्या महिन्यानंतर तुमच्याकडे बँकेचे जेमतेम साडेपाच हजार उरलेले असतात, पण व्याजाची आकारणी मात्र पूर्ण साठ हजारांवर झालेली असते. बारा खोल्यांचा वाडा भाड्याने घ्यावा, दर महिन्याला एक खोली मालकाला परत करावी आणि भाडं मात्र शेवटपर्यंत बाराही खोल्यांचं द्यावं, तसा हा व्यवहार. याला फ्लॅट दर म्हणतात. ज्यात दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागतं, तो घटत्या शिल्लकीवरचा दर. गृहकर्जाचा जो दर आपण ऐकतो, तो हा दुसरा. फोनवर सांगितलेला 'एक टक्का' बऱ्याचदा पहिला असतो, आणि तो पहिला आहे हे कुणी बोलत नाही.

कागदाच्या कोपऱ्यावर हे ताडून पाहता येतं. मुद्दल दर महिन्याला सारखं कमी होतं असं धरलं, तर वर्षभरात तुमच्याकडे सरासरी ३२,५०० रुपये राहिले. त्यांच्यासाठी ७,२०० व्याज म्हणजे २२ टक्के. अचूक आकडा हवा असेल तर स्प्रेडशीटच्या एका चौकटीत हे लिहायचं:

```
=RATE(12,-5600,60000)*12
```

उत्तर येतं ०.२१४६ च्या जवळ, म्हणजे २१.४६ टक्के. मला याचंच नवल वाटतं. रक्कम, हप्ता आणि महिने एवढे तीन आकडे कळले की जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, खरा दर बाहेर पडतोच. हप्त्याच्या आकड्याला तो लपवता येत नाही. हाच हिशेब उलटा केला, म्हणजे घटत्या शिल्लकीवर खरोखर १२ टक्के दर धरला, तर हप्ता ५,३३१ रुपये आणि वर्षाचं एकूण व्याज ३,९७१ रुपये येतं. ७,२०० आणि ३,९७१. दोन्ही 'बारा टक्के'च.

पण गोष्ट साडेएकवीसवर थांबत नाही. गृहकर्ज किंवा वैयक्तिक कर्ज यांच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. ती सूट देणाऱ्या तरतुदीतच क्रेडिट कार्ड सेवेतलं व्याज वगळलेलं आहे. त्यामुळे कार्डावरच्या हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे व्याजाचा प्रत्येक रुपया एक रुपया अठरा पैसे होऊन येतो, आणि २१.४६ टक्क्यांचा दर तुमच्या खिशाच्या बाजूने पाहिला तर २५.३ टक्के होतो. या कराबद्दल बँकेला दोष देता येत नाही, पण तो सांगितला गेला नाही हे खरं.

उरली प्रोसेसिंग फी. मुद्दलाच्या दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ही फी वर्षभराची नाही, ती पहिल्याच स्टेटमेंटला एकरकमी कापली जाते. करासह १,४१६ रुपये गेले म्हणजे तुमच्या हातात प्रत्यक्षात साठ हजारांऐवजी ५८,५८४ रुपयेच आले, आणि हप्ते मात्र साठ हजारांचे. हेही धरून दर काढला की तो तीस टक्क्यांच्या घरात जातो. एकूण जादा खर्च ७,२०० अधिक १,२९६ अधिक १,४१६, म्हणजे ९,९१२ रुपये. फी हे दुसऱ्या नावाने घेतलेलं व्याजच असतं, आणि हे माझं एकट्याचं मत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मधल्या परिपत्रकात शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल हेच म्हटलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, कार्डाच्या थकबाकीवरच्या अशा योजनांत व्याज अनेकदा प्रोसेसिंग फीच्या रूपात झाकून ग्राहकाकडून वसूल होतं.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा २०२२ चा. कार्डांविषयीच्या रिझर्व्ह बँकेच्या त्या वर्षीच्या निर्देशांप्रमाणे, हप्त्यांत रूपांतर करण्यापूर्वी मुद्दल किती, व्याज किती आणि दुकानदाराने किंवा बँकेने काही सवलत दिली असेल तर ती किती, हे स्पष्ट दाखवावं लागतं. हेच आकडे पुढे स्टेटमेंटमध्येही वेगळे दाखवावे लागतात. या दुसऱ्या अटीमुळे ग्राहकाच्या हातात मोठं साधन आलं आहे, आणि ते वापरायला स्प्रेडशीटसुद्धा लागत नाही.

स्टेटमेंटमधली त्या महिन्याची व्याजाची ओळ घ्या आणि आधीच्या शिल्लक मुद्दलाने भागा. आपल्या उदाहरणात पहिल्या महिन्याचं व्याज १,०७३ रुपये आहे. साठ हजारांवर वार्षिक १२ टक्के म्हणजे महिन्याचे ६०० व्हायला हवे होते. पण पहिल्या महिन्यावर फार विसंबू नका. रूपांतराची तारीख आणि स्टेटमेंटची तारीख यांत महिन्याहून कमी-जास्त दिवस असू शकतात आणि तेवढ्या दिवसांचं व्याज त्यात मिसळलेलं असतं. कसोटी दुसऱ्या महिन्याची घ्यावी. पहिल्या हप्त्यातून ४,५२७ रुपये मुद्दल फिटलं, शिल्लक ५५,४७३. दुसऱ्या महिन्याचं व्याज ९९२. भागाकार १.७८८ टक्के, गुणिले बारा, पुन्हा तेच २१.४६. दोन आकड्यांचा एक भागाकार आणि दर उघडा पडला.

आता परताव्याची मागणी. माझं ठाम मत आहे की 'तुम्ही फसवलंत' या वाक्याने सुरू होणारं पत्र दुबळं असतं. बँकेला उत्तर द्यावं लागतं ते आकड्याला. आपल्या उदाहरणात दोन हप्ते गेल्यावर पत्र साधारण असं होईल:

"माझ्या कार्डावरील ६०,००० रुपयांच्या खरेदीचे १२ हप्ते करताना आपल्या मेसेजमध्ये व्याजदर वार्षिक १२ टक्के असा लिहिला होता. तो फ्लॅट असल्याचा उल्लेख नव्हता. प्रोसेसिंग फी सांगितली नव्हती. आकारलेला ५,६०० रुपयांचा हप्ता घटत्या शिल्लकीवर २१.४६ टक्के दराचा आहे. १२ टक्क्यांनी तो ५,३३१ येतो. कृपया हे हप्ते सुरुवातीपासून १२ टक्के दराने पुन्हा नोंदवावेत. दोन हप्त्यांतील फरक ५३८ रुपये, जादा व्याजावरील जीएसटी १६४ रुपये आणि प्रोसेसिंग फी करासह १,४१६ रुपये, असे एकूण २,११८ रुपये कार्डावर जमा करावेत. रूपांतरापूर्वी मला मुद्दल, व्याज आणि फी दाखवल्याचा पुरावा आणि त्या फोन संभाषणाचं रेकॉर्डिंग द्यावं. मेसेज आणि दोन्ही स्टेटमेंट सोबत जोडली आहेत."

शेवटून दुसरं वाक्य सर्वांत मोलाचं. ग्राहकाने बिलावर हरकत घेतली की तक्रारीच्या तारखेपासून जास्तीत जास्त ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा देणं, हे त्याच निर्देशांनी कार्ड देणाऱ्यावर घातलेलं बंधन आहे. म्हणून तक्रार फोनवर सोडून देऊ नये. ईमेलने किंवा बँकेच्या संकेतस्थळावर करावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी शुल्क नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर लोकपाल ती घेतच नाही.

दावा कुठे टिकत नाही, हेही नीट पाहायला हवं. ओटीपी देण्याआधी पडद्यावर 'एकूण व्याज ७,२००, हप्ता ५,६००, फी १,२०० अधिक कर' असं स्वच्छ लिहिलेलं असेल आणि तुम्ही ते मान्य केलं असेल, तर दर कितीही जड वाटला तरी बँकेची बाजू भक्कम आहे. तिथे फार तर फी माफ करण्याची विनंती करता येते. जीएसटी स्वतंत्रपणे परत मागता येत नाही. ज्या व्याजावर किंवा फीवर तो लागला, ते परत आलं तरच त्याबरोबर तोही यायला हवा.

आणि वाद चालू असताना बिल थांबवायचं नाही. हप्ता कार्डाच्या किमान देय रकमेत धरला जातो. तो चुकला तर विलंब शुल्क लागतं, थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात जाते आणि पूर्ण रक्कम न भरल्यामुळे नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणून 'हप्ते रद्द करा' असं लिहिताना विशेष सावध राहावं. रद्द झालं की फिटायचं राहिलेलं सगळं मुद्दल पुढच्या स्टेटमेंटवर एकदम येतं, आणि काही ठिकाणी मुदतपूर्व फेडीचं शुल्कही लागतं. ते पैसे हाताशी नसतील तर त्या रकमेवर कार्डाचं नेहमीचं व्याज सुरू होतं, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. वरच्या पत्रात हप्ते रद्द करायला न सांगता ते १२ टक्क्यांनी पुन्हा नोंदवायला सांगितले आहेत, ते एवढ्याचसाठी.