परतीची वेळ

१३ जुलै २०२४ हा महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस. एचडीएफसी बँकेने खातेदारांना आधीच कळवलं होतं, की त्या दिवशी पहाटे ३ ते दुपारी ४.३० या वेळात बँकेची मुख्य संगणकप्रणाली नव्या यंत्रणेवर हलवली जाणार आहे. त्यातही यूपीआय पूर्ण वेळ बंद नव्हतं. ते पहाटे ३ ते ३.४५ आणि पुन्हा सकाळी ९.३० ते १२.४५ एवढंच थांबणार होतं. सूचना वाचून बहुतेकांनी एवढंच ठरवलं असेल, की दूधवाल्याचे पैसे आदल्या दिवशीच देऊन टाकावेत. पण खातेदारांना पाऊण तासाच्या हिशेबाने वेळा सांगायच्या, तर आत कुठेतरी प्रत्येक काम मिनिटांच्या हिशेबाने मांडलेला तक्ता असावाच लागतो.

या क्षेत्रातले लोक त्या तक्त्याला रनशीट म्हणतात आणि जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर जाण्याच्या त्या रात्रीला कटओव्हर. माहिती हलवण्याची तयारी महिनोन्‌महिने चालते, पण प्रत्यक्ष हलवायला मिळतात काही तास. पूर्वी शाखेचं शटर खाली ओढलं की बँक बंद व्हायची. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालू झालं, यूपीआय तर आधीपासूनच होतं. आता ‘बँक बंद’ अशी वेळ कुणीतरी मुद्दाम तयार करावी लागते.

ही रात्र कशी जाते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक बँक घेऊ. जिल्ह्यात तीस शाखा आणि चार लाखांवर खाती असलेली नागरी सहकारी बँक. शनिवारी रात्री नऊला एटीएम आणि यूपीआय बंद करायचं, रविवारी सकाळी सहाला नव्या प्रणालीवर सुरू करायचं. हातात नऊ तास. नऊ ते पावणेदहा दिवसाचा हिशेब बंद करून जुनी प्रणाली कुलूपबंद करायची, म्हणजे त्यातलं वाचता येईल पण काही बदलता येणार नाही. साडेअकरापर्यंत बॅकअप घेऊन माहिती बाहेर काढायची. साडेअकरा ते दीड ती नव्या प्रणालीत भरायची. दीड ते सव्वादोन ताळमेळ. पुढची पंधरा मिनिटं निर्णयाची, पुढे जायचं की परत फिरायचं. मग तासाभरात एटीएम, यूपीआय आणि एसएमएसच्या जोडण्या नव्या प्रणालीकडे वळवायच्या. साडेतीन ते चार कर्मचाऱ्यांच्याच खात्यांवर खरे व्यवहार करून पाहायचे.

तक्त्यातली एक ओळ जवळून पाहू. ‘माहिती भरणे’ या कामासमोर ते कुठल्या कामानंतर सुरू करायचं ते लिहिलेलं असतं. त्यापुढे ठरलेली सुरुवात, खरी सुरुवात, ठरलेला शेवट आणि खरा शेवट असे चार रकाने. मग करणाऱ्याचं नाव, तो नसेल तर बदली कोण, काम झालं हे तपासणाऱ्याचं वेगळं नाव, आणि झाल्याचा पुरावा काय धरायचा. नावाच्या रकान्यात ‘आयटी विभाग’ लिहिलं तर ते काम कुणाचंच नसतं. रात्री दोनला विभागाला फोन लावता येत नाही. पुराव्याचा रकानाही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण दमलेला माणूस ‘झालं’ म्हणतो तेव्हा त्याला पुष्कळदा ‘आज्ञा देऊन झाली’ एवढंच म्हणायचं असतं.

वेळा चोवीस तासांच्या घड्याळात आणि तारखेसकट लिहितात. ‘शनिवारी रात्री दीड’ म्हणजे शुक्रवारनंतरची रात्र की रविवार उजाडायच्या आधीची, यावर लोकांचं एकमत नसतं आणि बाहेरगावच्या व्हेंडरचं तर नसतंच. खऱ्या वेळा भरायला एक माणूस वेगळा ठेवतात. त्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही. काम करणाऱ्यांनीच वेळा भरायच्या असं ठरवलं, की त्या सकाळी एकदम आणि अंदाजाने भरल्या जातात.

आता तक्त्यातल्या सगळ्यात मोलाच्या आकड्याकडे येऊ. तो काम संपण्याचा नाही, तर परत फिरण्याच्या शेवटच्या वेळेचा. तो उलट्या बाजूने काढावा लागतो. जोडण्या वळवण्याआधी परत फिरायचं तर जुन्या प्रणालीचं कुलूप काढून एकदा तपासायचं, वीस मिनिटांत काम होतं. जोडण्या वळवल्यावर मात्र त्या माघारी आणून प्रत्येक तपासावी लागते, त्याला सव्वा तास. सहाला दार उघडायचं, त्यातून सव्वा तास वजा केला की पावणेपाच होतात आणि पंधरा मिनिटं हाताशी ठेवली की साडेचार. त्या वेळी चाचण्या पूर्ण नसतील तर परत फिरायचं. तिथे मग चर्चा नाही. चार ते साडेचार हा मोकळा अर्धा तास म्हणजे अख्ख्या रात्रीची शिल्लक.

परतीचा खर्च असा रात्रीबरोबर वाढत जातो, म्हणून परतीचे टप्पेही एकाहून जास्त असतात आणि प्रत्येकापुढे त्या वेळचा खर्च लिहिलेला असतो. ‘काही बिघडलं तर बॅकअप आहेच’ हे वाक्य मला नेहमी अपुरं वाटतं. तो बॅकअप परत चढवायला किती वेळ लागतो हे कुणी घड्याळ लावून पाहिलं नसेल, तर तक्त्यात लिहायला आकडाच नसतो.

साडेबारा वाजले. माहिती भरायला सुरुवात होऊन तास झाला आहे. निम्मी भरून व्हायला हवी होती, पस्तीस टक्केच झाली आहे. याच वेगाने गेलं तर दीडऐवजी दोन एकवीसला संपेल, पुढचं सगळं एक्कावन्न मिनिटांनी सरकेल आणि चाचण्या चार एक्कावन्नला संपतील, म्हणजे साडेचारच्या पलीकडे. ही गोष्ट चार तास आधी कळली, कारण कुणीतरी टक्केवारी आणि घड्याळ शेजारी शेजारी लिहीत होतं. नुसती ‘काम चालू आहे’ अशी नोंद असती, तर दीड वाजेपर्यंत सगळे निर्धास्त असते.

कारण सापडलं. नव्या प्रणालीच्या तक्त्यांवरचे इंडेक्स, म्हणजे शोध झटपट लागावा म्हणून ठेवलेल्या सूची, चालू राहिल्या होत्या. प्रत्येक नोंद भरताना त्याही सुधारल्या जात होत्या. रंगीत तालमीत त्या बंद होत्या, कारण तिथल्या इंजिनियरला तशी सवयच होती. सवय तक्त्यात उतरली नव्हती आणि आज त्या खुर्चीवर दुसरा माणूस होता. पाच मिनिटं काम थांबवून इंडेक्स काढले, उरलेलं भरायला अठ्ठ्याहत्तर मिनिटं लागली. एक त्रेपन्न. तेवीस मिनिटं उशीर, अर्ध्या तासाच्या शिल्लकीतून सात मिनिटं उरली.

ताळमेळ दोन अडतीसला हाती आला. खात्यांची संख्या जुन्या-नव्यात तंतोतंत जुळली. शिल्लक रकमांची बेरीज एकोणतीस शाखांत जुळली, एका शाखेत ४८ लाख ६२ हजारांचा फरक. जुन्या हिशेबनिसांची एक युक्ती आहे: फरक पडला की त्याची निम्मी रक्कम शोधायची. जमेची नोंद नावे किंवा नावेची जमा पडली असेल, तर फरक बरोबर दुप्पट येतो. निम्मे म्हणजे २४ लाख ३१ हजार. त्या शाखेने महिन्यापूर्वी प्रायोगिक म्हणून सुरू केलेल्या कर्जयोजनेची येणे बाकी नेमकी तेवढीच होती. योजना शेवटच्या रंगीत तालमीनंतर सुरू झाली. तिचा संकेतांक जुन्या-नव्या संकेतांकांच्या यादीत नव्हता आणि यादीत नसलेलं सगळं नव्या प्रणालीने ठेव म्हणून घेतलं. कर्जदार ठेवीदार झाले.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. अशा वेळी खोलीत कुणीतरी हमखास म्हणतं, एवढ्यासाठी कशाला थांबायचं, सोमवारी करू. पण तक्त्याच्या वर आधीच लिहिलं होतं, की रकमेतला फरक शून्यच हवा आणि माहितीला हात लावला तर पूर्ण ताळमेळ पुन्हा. दहा आणि पंचेचाळीस मिळून तीन तेहतीस, त्यात निर्णयाची पंधरा मिनिटं, जोडण्यांचा तास आणि चाचण्यांचा अर्धा तास. पाच अठरा. साडेचारची मर्यादा केव्हाच ओलांडलेली. सरव्यवस्थापकांनी दोन पन्नासला परत फिरायला सांगितलं. निर्णय त्यांचा होता, माहिती भरणाऱ्यांचा नव्हता. पाच तास राबलेल्या माणसाला आपलं काम मागे घ्यायला सांगणं बरोबर नाही. जोडण्या अजून जुन्याच प्रणालीकडे असल्यामुळे वीस मिनिटं पुरली. तीन दहाला एटीएम आणि यूपीआय पूर्ववत झालं, खातेदारांना सांगितलेल्या वेळेच्या जवळजवळ तीन तास आधी.

सहानंतर मात्र गणितच बदलतं. नव्या प्रणालीवर पहिल्या खऱ्या ग्राहकाने पाचशे रुपये काढले, की जुनी प्रणाली त्या पाचशे रुपयांनी मागे पडते. आता परत जायचं तर मधले सगळे व्यवहार उलटे नेऊन जुन्यात घालावे लागतात, आणि ते परत फिरणं नसून दुसरं स्थलांतर असतं. माहिती भरून झाली की मागे फिरता येत नाही, असा अनेकांचा समज असतो. खरी सीमा पहिल्या ग्राहकाच्या व्यवहारावर असते.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने ती सीमा एप्रिल २०१८ मध्ये ओलांडली. २० ते २२ एप्रिलच्या शुक्रवार ते रविवारी ५२ लाख ग्राहकांची माहिती जुन्या मालकाच्या, लॉइड्सच्या प्रणालीवरून नव्या मालकाच्या, साबादेलच्या प्रणालीवर हलवली. माहिती नीट उतरली. रविवारी संध्याकाळी सेवा सुरू झाल्यावर मात्र नवी प्रणाली भार सोसेना. लोकांना खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्यांचीच खाती दिसली. एका वेळी १९ लाखांपर्यंत ग्राहक बाहेर अडकले होते. प्रणाली दोन डेटा सेंटरवर चालणार होती आणि भाराची चाचणी एकाच ठिकाणी झाली होती, असं नंतरच्या स्वतंत्र चौकशीत निघालं. व्यवहार सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ च्या डिसेंबरात नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. ताळमेळ शून्य आला, तरी तो फक्त माहितीबद्दल बोलतो. उद्या सकाळी एकाच वेळी लाखो लोक आले तर काय होईल, याची ओळ तक्त्यात स्वतंत्र लागते आणि तिची तालीमही.

आपल्या काल्पनिक बँकेने सोमवारी तोच तक्ता उघडला. खऱ्या वेळांचा रकाना उचलून पुढच्या वेळेसाठी ठरलेल्या वेळांच्या जागी ठेवला. ‘इंडेक्स काढणे’ ही नवी ओळ आली, तिला करणारा आणि तपासणारा अशी दोन नावं मिळाली. शेवटच्या तालमीपासून कटओव्हरपर्यंत नवी योजना किंवा नवा संकेतांक उघडायचा नाही, असा आदेश शाखांना गेला. सर्वांत जास्त वाद झाला तो जोडण्यांच्या सव्वा तासावर. ती वेळ कधी मोजलीच नव्हती, व्हेंडरच्या तोंडी आश्वासनावर लिहिली होती. पुढच्या तालमीत जोडण्या वळवून मुद्दाम माघारी आणायचं आणि घड्याळ लावून बसायचं ठरलं. तोपर्यंत नवी तारीख जाहीर करायची नाही.